सहा दिवस, चार दिवस, तीन दिवस

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं घ्या आणि मग पुढं वाचा.

सोलापुरातलं एक घर. आजीच्या डोळ्याचं, म्हणजे मोतीबिंदूचं, ऑपरेशन पुण्यात मामांकडं राहून करायचं ठरलंय. २०२६ सालचा ऑक्टोबर महिना. गुरुवारी, १ तारखेला सकाळी निघायचं, शनिवारी ऑपरेशन, रविवारी पट्टी काढायची, मंगळवारी ६ तारखेला डॉक्टर पुन्हा डोळा तपासणार आणि त्याच संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं परत सोलापूर. आजीबरोबर पप्पा जाणार आणि सहावीतली ताई जाणार. पप्पा सरकारी कचेरीत नोकरीला आहेत.

आता गंमत बघा. शेजारच्या काकूंनी विचारलं, "किती दिवस जाताय ओ?" आजी म्हणाली, "सहा दिवस." ताईनं शाळेच्या अर्जात लिहिलं, "चार दिवस." पप्पांनी कचेरीच्या अर्जात लिहिलं, "तीन दिवस." तिघंही एकाच गाडीनं जाणार, एकाच गाडीनं येणार. मग खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही! तिघांचंही बरोबर आहे. पण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. आजीनं घराबाहेरचे सगळे दिवस मोजले, ताईनं शाळेचे बुडणारे दिवस मोजले आणि पप्पांनी कचेरीचे. नुसतं "सहा दिवस" किंवा "चार दिवस" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला हे कळत नाही. म्हणून आज आपण रजेचा अर्ज लिहायला शिकायचा, पण त्यातलं "माननीय महोदय" नव्हे. ते तुम्हाला पाठ आहेच. आपण शिकायचं ते मधल्या दोन ओळींतलं तारखांचं गणित.

पहिली पायरी : दोन्ही टोकं धरून मोजा

१ तारखेपासून ६ तारखेपर्यंत किती दिवस? बरीच मुलं पटकन वजाबाकी करतात. सहातून एक गेला, राहिले पाच. चुकलं! बोटं मोडून बघा : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. दिवस सहा आहेत. वजाबाकीनं आपल्याला एका तारखेपासून दुसरीपर्यंतचं अंतर कळतं. पण रजेत पहिला दिवसही जातो आणि शेवटचाही जातो. म्हणून वजाबाकी करून त्यात एक मिळवायचा.

आपल्या मराठीला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सोमवारी कुणी म्हणालं, "आठ दिवसांनी या," तर तुम्ही मंगळवारी जाता का? नाही, पुढच्या सोमवारीच जाता. खरं तर मध्ये सातच दिवस गेलेले असतात. पण आजचा सोमवार एक धरला तर पुढचा सोमवार बरोबर आठवा येतो. आठवडा या शब्दात आठ आहे तो असा. "पंधरा दिवसांनी या" म्हणजे दोन आठवड्यांनी, तिथंही हाच हिशेब. बाळाचं बारसं बाराव्या दिवशी करतात तेव्हा जन्माचा दिवस पहिला धरतात. १ तारखेला जन्मलेल्या बाळाचं बारसं १२ तारखेला येतं, १३ तारखेला नाही.

पण याच कारणानं "आठ दिवस" हे शब्द अर्जात लिहू नयेत. बोलताना "आठ दिवस गावाला चाललो" म्हटलं की कुणाला सात दिवस वाटतात, कुणाला आठ, आणि कुणाला "साधारण एक आठवडा, एखादा दिवस इकडंतिकडं." बोलण्यात चालतं. हजेरीपत्रकात प्रत्येक तारखेला वेगळा चौकोन असतो. तिथं इकडंतिकडं बसत नाही.

रजा एका महिन्यात सुरू होऊन दुसऱ्यात संपत असेल तर दोन तुकडे करा. समजा २८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर. सप्टेंबरचे दिवस तीस, म्हणून २८, २९, ३० असे तीन, ऑक्टोबरचे १, २, ३ असे तीन, एकूण सहा. महिना तिसाचा की एकतिसाचा ते मुठीच्या उंचवट्यांवर मोजून घ्या. आजीला विचारलंत तर लगेच दाखवील.

दुसरी पायरी : प्रत्येक तारखेपुढं वार लिहा

आता वहीचं मागचं पान उघडा आणि कॅलेंडर समोर ठेवा. रजेतली प्रत्येक तारीख एकाखाली एक लिहा, पुढं वार लिहा आणि त्यापुढं शाळा आहे की नाही ते लिहा. ताईचं पान असं होईल :

१ ऑक्टोबर, गुरुवार : शाळा आहे
२ ऑक्टोबर, शुक्रवार : गांधी जयंती, सुट्टी
३ ऑक्टोबर, शनिवार : शाळा आहे (सकाळची)
४ ऑक्टोबर, रविवार : सुट्टी
५ ऑक्टोबर, सोमवार : शाळा आहे
६ ऑक्टोबर, मंगळवार : शाळा आहे

शाळेचे दिवस चार, सुट्टीचे दोन. चार आणि दोन मिळून सहा. पहिल्या पायरीत आपण सहाच मोजले होते, म्हणजे हिशेब जुळला. हा ताळा दर वेळी करायचा. शाळेचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांची बेरीज एकूण दिवसांइतकी आली नाही, तर एखादी तारीख सुटली आहे किंवा एखादी दोनदा मोजली आहे.

दोनदा मोजली जाण्याचा प्रसंग कधी येतो? दोन सुट्ट्या एकाच दिवशी आल्या की. आदल्याच वर्षी, २०२५ साली, २ ऑक्टोबर गुरुवारी होता आणि त्याच दिवशी दसराही होता. गांधी जयंतीची एक आणि दसऱ्याची एक अशा दोन सुट्ट्या धरून कुणी वजा केल्या तर उत्तर एकानं चुकणार. २०२५ सालीच ६ जुलैला आषाढी एकादशी आली ती रविवारी. तिथंही तेच. सुट्टीची कारणं दोन असली तरी दिवस एकच असतो. पानावर तारखा एकाखाली एक लिहिल्या की ही चूक होतच नाही, कारण एका तारखेला एकच ओळ मिळते.

शनिवारबद्दल मुलं नेहमी विचारतात. "बाई, शनिवारी तर अर्धीच शाळा. मग अर्धा दिवस लिहू का?" नको. शनिवारची शाळा सकाळची असली तरी हजेरी घेतली जाते. ती बुडाली तर एक दिवस बुडाला.

तिसरी पायरी : कॅलेंडर कुणाचं?

आता पप्पांचे तीन दिवस कसे झाले ते बघू. महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे त्यांना सगळे शनिवार आणि रविवार सुट्टी. पप्पांच्या पानावर ३ तारखेपुढं "सुट्टी" असं येईल. त्यांचे कामाचे दिवस गुरुवार, सोमवार आणि मंगळवार, असे तीन. सुट्टीचे दिवसही तीन : शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन आणि तीन सहा. त्यांचाही ताळा जुळला.

तुमच्या घरी कुणी बँकेत असेल तर आणखी निराळं. बँकांना सप्टेंबर २०१५ पासून महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा शनिवार कामाचा. ३ ऑक्टोबर हा महिन्यातला पहिला शनिवार, म्हणून बँकेतल्या आईचे चार दिवस जातील. हीच सहल एक आठवडा पुढं गेली तर शनिवार येईल १० तारखेचा, म्हणजे दुसरा. त्या दिवशी बँक बंद आणि शाळा मात्र चालू!

म्हणून ताईनं पप्पांच्या अर्जातला आकडा उतरवून घ्यायचा नाही, आणि पप्पांनी ताईच्या अर्जातला नाही. तारखा सारख्या असल्या तरी दिवसांचा आकडा ज्याचा त्यानं आपल्या सुट्ट्यांच्या यादीवरून काढायचा.

यादी कुठली, हेही महत्त्वाचं आहे. आपण जिथं जातो तिथली सुट्टी धरायची नसते. आपली शाळा जिथं आहे तिथली धरायची. सोलापुरातली कितीतरी मुलं विजयपूर, कलबुर्गीकडं आजोळी जातात. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते, तिथल्या मामेभावाची शाळा बंद असते. पण आपल्याकडं त्या कारणानं सुट्टी नसते. मामेभावाला सुट्टी आहे म्हणून आपला तो दिवस अर्जात "सुट्टी" होत नाही.

एकाच राज्यातही असं घडतं. २०२५ सालची गोष्ट. ईद-ए-मिलादची सुट्टी सरकारी यादीत ५ सप्टेंबर, शुक्रवारी होती. लगेच दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी आली. मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुका केवढ्या मोठ्या असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. लागोपाठ दोन मोठ्या मिरवणुका नकोत म्हणून मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस सोमवारी, ८ तारखेला काढायचं ठरवलं. मग शासनानं मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ईदची सुट्टी ५ ऐवजी ८ तारखेला केली. बाकीच्या महाराष्ट्रात ती ५ तारखेलाच राहिली. म्हणजे सोलापूरचं एखादं मूल त्या वेळी मुंबईला मावशीकडं असतं, तर सोमवारी मावशीच्या घरी सगळ्यांना सुट्टी आणि याची शाळा मात्र इकडं भरलेली!

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. चंद्रावर अवलंबून असणाऱ्या सणांची सुट्टी ऐन वेळी सरकू शकते. आणि सरकारी यादीखेरीज जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरत्या काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात. त्या भिंतीवरच्या छापील कॅलेंडरात असतीलच असं नाही. तेव्हा शाळेच्या फलकावरची सुट्ट्यांची यादी बघायची. घरातल्या कॅलेंडरावरून वार बघा, सुट्टी मात्र शाळेच्या यादीवरून.

आणखी एक. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दिवशी वर्ग भरत नाहीत, पण ध्वजवंदनाला शाळेत यायचं असतं. रजेच्या मध्ये यापैकी एखादा दिवस आला तर तो शाळेच्या दिवसांत मोजू नका, पण "२६ तारखेच्या ध्वजवंदनास उपस्थित राहू शकणार नाही" असं एक वाक्य जरूर लिहा. तुम्ही लेझीमच्या पथकात असलात आणि रांगेत तुमची जागा रिकामी राहिली, तर "त्या दिवशी सुट्टीच होती की" हे सांगून भागत नाही.

चौथी पायरी : परत कधी?

अर्जात सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो इथं. "मी ६ तारखेपर्यंत येत नाही." आता सांगा, ६ तारखेला हे मूल शाळेत आहे की नाही? निम्मा वर्ग म्हणेल आहे, निम्मा म्हणेल नाही. "६ पर्यंत" मध्ये ६ तारीख धरली की सोडली हे लिहिणाऱ्याच्या मनात असतं, कागदावर नसतं.

एका दिवसानं काय बिघडतं म्हणाल? ऑक्टोबर म्हणजे पहिल्या सत्राच्या परीक्षेचा हंगाम. समजा बाईंना तोंडी परीक्षा घ्यायची आहे. ताई ६ तारखेला येणार असं समजून त्यांनी तिचं नाव मंगळवारच्या यादीत घातलं, तर ताई पुण्यात आणि तिच्या नावापुढं गैरहजर! अर्जात नीट लिहिलं असतं तर तेच नाव बुधवारच्या यादीत गेलं असतं. एका ओळीची किंमत इतकी असते.

उपाय सोपा आहे. रजेचा शेवटचा दिवस आणि शाळेत येण्याचा पहिला दिवस, दोन्ही वेगवेगळे लिहायचे. "मंगळवार, ६ ऑक्टोबर हा रजेचा शेवटचा दिवस. बुधवार, ७ ऑक्टोबर रोजी शाळेत हजर राहीन." आता कुणाच्याही मनात शंका उरत नाही.

हजर होण्याची तारीख म्हणजे रजा संपल्यानंतरचा पहिला शाळेचा दिवस. रजा शनिवारी संपत असेल तर "रविवारी हजर राहीन" असं लिहायचं नाही, सोमवार लिहायचा. सोमवारीही सुट्टी असली तर मंगळवार. आणि ती तारीख लिहिण्याआधी घरच्यांना एक प्रश्न विचारा : आपण सोलापूरला किती वाजता पोचणार? हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याहून संध्याकाळी निघून रात्री सोलापूरला येते, म्हणून ताई दुसऱ्या दिवशी शाळेत येऊ शकते. तीच मंडळी रात्रभर एसटीनं प्रवास करून बुधवारी सकाळी पोचणार असतील, तर बुधवार हा हजर होण्याचा दिवस लिहिताना विचार करायला हवा. गाडीला उशीर झाला की अर्ज खोटा ठरतो.

तारखेबरोबर वार लिहायचा हे विसरू नका. वार हा तारखेचा साक्षीदार असतो. घाईत तुम्ही ७ च्या जागी ८ लिहिलंत, पण पुढं "बुधवार" असेल, तर वाचणाऱ्याला लगेच दिसतं की ८ ला तर गुरुवार आहे, काहीतरी चुकलंय, विचारून घेऊ. वार नसता तर ती चूक तशीच रजिस्टरात गेली असती.

आणि बोलण्यातले काही शब्द अर्जातून हद्दपार करा. "परवापासून" लिहू नका. आपल्या भाषेत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. "येत्या सोमवारी" आणि "पुढच्या सोमवारी" यांत एका आठवड्याचा फरक करणारी माणसं आहेत आणि दोन्ही एकच समजणारीही आहेत. "उद्यापासून" लिहिलेला अर्ज भावाच्या दप्तरात दोन दिवस राहिला, तर त्यातला उद्या कुठला, हे भावालाच विचारावं लागतं.

आता ताईचा अर्ज

चारही पायऱ्या झाल्या. ताईचा अर्ज असा तयार झाला :

दिनांक : २८ सप्टेंबर २०२६

माननीय वर्गशिक्षिका, इयत्ता सहावी 'ब', यांस,

विषय : रजा मिळण्याबाबत.

माझ्या आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन पुणे येथे असल्यामुळे मला गुरुवार, १ ऑक्टोबर २०२६ ते मंगळवार, ६ ऑक्टोबर २०२६ (दोन्ही दिवस धरून) रजा मिळावी. या सहा दिवसांपैकी शुक्रवार, २ ऑक्टोबर (गांधी जयंती) व रविवार, ४ ऑक्टोबर हे सुट्टीचे दिवस असल्याने शाळेचे एकूण चार दिवस रजा लागेल. मी बुधवार, ७ ऑक्टोबर २०२६ रोजी शाळेत हजर राहीन.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
(नाव व हजेरी क्रमांक)

पालकांची सही :

बघा, मधला मजकूर तीनच वाक्यांचा आहे. पहिल्यात कधीपासून कधीपर्यंत, दुसऱ्यात मध्ये किती सुट्ट्या आणि किती दिवस बुडणार, तिसऱ्यात परत कधी. बाईंनी ताईला एकही प्रश्न विचारायची गरज नाही. "दोन्ही दिवस धरून" हे कंसातले तीन शब्द लहान आहेत, पण "पर्यंत"चा सगळा घोटाळा तेच मिटवतात.

पुण्यात डॉक्टरांनी आणखी दोन दिवस थांबायला सांगितलं तर? जुन्या अर्जात खाडाखोड करू नका आणि नुसतं "दोन दिवस वाढवून मिळावेत" असंही कळवू नका. कुठल्या दोन दिवसांची वाढ? नवी चिठ्ठी किंवा निरोप असा पाठवा : "बुधवार, ७ व गुरुवार, ८ ऑक्टोबर असे शाळेचे आणखी दोन दिवस रजा वाढवून मिळावी. शुक्रवार, ९ ऑक्टोबर रोजी हजर राहीन." आधीचे चार आणि हे दोन मिळून सहा दिवस, हेही शेवटी लिहिलंत तर उत्तम.

थोडं आईवडिलांसाठी

पालकहो, ही पायरी तुमच्यासाठी, पण मुलांनीही वाचायला हरकत नाही. नोकरीत रजेचे प्रकार असतात, आणि मधल्या सुट्ट्या मोजायच्या की नाही हे त्या प्रकारावर ठरतं. सरकारी नोकरीत नैमित्तिक रजा घेतली तर मध्ये येणारे रविवार आणि सुट्ट्या त्या रजेत मोजल्या जात नाहीत. म्हणून वर पप्पांची नैमित्तिक रजा तीनच दिवस लागली.

त्यांनी अर्जित रजा घेतली असती तर? त्या रजेत मध्ये सापडलेल्या सुट्ट्याही रजाच धरतात. गुरुवारी रजा सुरू झाली, मंगळवारी संपली, तर मधला शुक्रवार, शनिवार, रविवार धरून सहाच्या सहा दिवस खात्यातून जातात. मात्र सुट्ट्या रजेच्या आत न सापडता तिच्या आधी किंवा नंतर आल्या, तर परवानगी घेऊन त्या जोडता येतात आणि त्या रजेत मोजल्या जात नाहीत.

आता हिशेब करून बघा. पप्पा गुरुवारी दिवसभर कचेरीत काम करून रात्रीच्या गाडीनं निघाले, तर त्यांची अर्जित रजा सोमवार, ५ आणि मंगळवार, ६ ऑक्टोबर अशी दोनच दिवस लागते. शुक्रवार ते रविवार या तीन सुट्ट्या रजेच्या आधी जोडल्या जातात. एक दिवस काम केलं आणि खात्यातले चार दिवस वाचले! ऑपरेशन शनिवारी आहे, तेव्हा आजीचं काही अडत नाही. मात्र अर्जात ते स्पष्ट लिहायला हवं : "दि. ५ व ६ ऑक्टोबर २०२६ अशी दोन दिवस अर्जित रजा मिळावी, दि. २ ते ४ ऑक्टोबर या सुट्ट्या रजेच्या आधी जोडून घेण्यास व मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी, बुधवार, दि. ७ रोजी कामावर हजर होईन." कारखान्यात, दुकानात किंवा खासगी कंपनीत नियम निराळे असतात, तिथं आधी विचारून घ्यावं. पण तारखा, मधल्या सुट्ट्या, कामाचे दिवस आणि हजर होण्याची तारीख हे चार तपशील कुठल्याही अर्जात लागतातच.

मुलांनो, बघितलंत ना? आजीचे सहा, ताईचे चार आणि पप्पांचे तीन. गुरुवारी रात्री निघायचं ठरलं तर पप्पांचे दोनच. आणि हो, तेव्हा ताईचे किती होतील? गुरुवारी ती शाळेत आली, म्हणजे राहिले शनिवार, सोमवार, मंगळवार. तीन दिवस! तिच्या अर्जातली पहिली तारीखही बदलेल. ती "शनिवार, ३ ऑक्टोबर" लिहील, कारण शुक्रवारी सुट्टीच आहे.

आता या आठवड्याचं कोडं. २०२७ सालचा जानेवारी. २६ जानेवारी मंगळवारी आहे. एक कुटुंब शनिवार, २३ जानेवारी ते बुधवार, २७ जानेवारी, दोन्ही दिवस धरून, बाहेरगावी जाणार आहे. मुलगा शाळेत, आई बँकेत, वडील सरकारी कचेरीत. प्रत्येकाचे किती दिवस बुडतील? हजर होण्याचा वार आणि तारीख कोणती? आणि मुलाच्या अर्जात जास्तीचं एक वाक्य कोणतं यायला हवं? २३ तारखेचा शनिवार महिन्यातला कितवा आहे ते आधी मोजा. वहीच्या मागच्या पानावर तारखा एकाखाली एक लिहून ताळा करा. उत्तर पुढच्या अंकात.